तव्यामागचे पासष्ट रुपये

चिपळूणच्या एका ताईंचं इन्स्टाग्रामवर खातं आहे, असं धरून चालू. ताई कल्पित आहेत, त्यांचे आकडे अंदाजाचे आहेत. नियम मात्र खरे आहेत. खात्यावर २,४०० माणसं. त्यात माहेरची, सासरची, जुन्या कॉलेजातली अशी दोनेकशे सोडली तर बाकीची सगळी घावन, आंबोळी आणि फणसाच्या भाजीसाठी आलेली. एका व्हिडिओत ताई बिडाच्या तव्यावर घावन घालतात. घावन जाळीदार सुटतं आणि खाली प्रश्नांची रांग लागते: ‘ताई, तवा कुठून घेतला?’

आजवर ताई उत्तर देत होत्या, ‘ॲमेझॉनवरून.’ मग कुणीतरी सुचवतं, नुसतं नाव काय सांगतेस, लिंक दे, चार पैसे मिळतील. हे ‘चार पैसे’ नेमके किती, ते कधी मिळतात आणि ते घेताना समोरच्याला काय सांगावं लागतं, याची फोड क्वचितच कुणी करून देतं. जे करतात त्यांच्या व्हिडिओचा मथळा बहुधा ‘घरबसल्या महिना पन्नास हजार’ असा असतो.

कल्पना जुनीच आहे. ओळखीच्या सोनाराकडे गिऱ्हाईक नेऊन देणाऱ्याला दुकानदार हातावर काहीतरी टेकवतो, तीच ही पद्धत. ॲमेझॉनने १९९६मध्ये इतर वेबसाइटवाल्यांना पुस्तकविक्रीवर कमिशन द्यायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक कुणी आणलं हे लिहून ठेवायचं काम लिंकवर सोपवलं. भारतातल्या अशा लिंककडे नीट पाहिलं तर ती साधारण अशी दिसते:

```
https://www.amazon.in/dp/B0XXXXXXXX?tag=ghavan-21
```

मधली अक्षरं वस्तूची, आणि `tag=` नंतरचं नाव गिऱ्हाईक आणणाऱ्याचं. पुष्कळदा हे सगळं `amzn.to` अशा छोट्या लिंकच्या पोटात दडलेलं असतं. लिंक उघडली की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत ते दिसतं. आपल्याला आलेल्या लिंकमागे कुणाचं कमिशन आहे का, हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

लिंक द्यायला हजारो फॉलोअर लागतात हा समजही आता जुना झाला. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत लिंक टाकायची सोय पूर्वी दहा हजारांच्या वरच्या खात्यांनाच होती. ऑक्टोबर २०२१पासून ती सगळ्यांना मिळाली. पोस्टच्या मजकुरात टाकलेली लिंक मात्र दाबता येत नाही. म्हणून ताईंची लिंक स्टोरीत जाईल आणि कायमची बायोमध्ये, म्हणजे खात्याच्या माथ्यावर, राहील.

आता हिशेब. कमिशनचे दर वस्तूच्या वर्गवारीप्रमाणे वेगळे असतात आणि कंपनी ते बदलत राहते. मोबाइलसारख्या महागड्या वस्तूंवर ते अगदी नाममात्र असतात, घरगुती वस्तूंवर जरा बरे. सोयीसाठी तव्यावर पाच टक्के धरू. तवा १,४०० रुपयांचा. कमिशन कर वगळून उरलेल्या रकमेवर मिळतं, ती रकम १,३०० धरली तर एका तव्यामागे ताईंचे पासष्ट रुपये.

व्हिडिओ तीन हजार वेळा पाहिला गेला. छोट्या खात्याच्या मानाने हे चांगलंच झालं. त्यातली बहुतेक माणसं घावन बघतात, बदाम दाबतात आणि पुढे सरकतात. व्हिडिओ सोडून बायोपर्यंत जाणारे, स्टोरीतल्या लिंकवर बोट ठेवणारे असे महिन्याभरात शंभर जण निघाले. शंभरातल्या चौघांनी तवा घेतला. झाले २६० रुपये. लिंकवरून आत गेलेल्या माणसाने दुसरंच काही घेतलं तरी त्याचं कमिशन मिळतं. कुणी चहाची गाळणी घेतली, कुणी मुलाची वह्या-पुस्तकं. त्याचे ऐंशी. चौघांपैकी एकीने ‘फारच जड आहे’ म्हणून तवा परत पाठवला, तिचे पासष्ट वजा. महिन्याची कमाई २७५ रुपये.

चौघेच का, याचं एक कारण घड्याळात आहे. लिंक दाबल्यापासून चोवीस तासांत वस्तू कार्टमध्ये गेली तरच ती ताईंच्या नावावर लागते. कार्टमध्ये पडली की मग ऑर्डर करायला साधारण तीन महिन्यांची सवड असते. पण मधल्या वेळात त्या माणसाने आणखी कुणाची लिंक दाबली तर ताईंचा धागा तुटला. आपल्या घरांत तवा काही चोवीस तासांत ठरत नाही. आईला विचारायचं, पगार होऊ द्यायचा, रविवारी तुळशीबागेत जाऊन हातात घेऊन वजन बघायचं. ताईंचा व्हिडिओ पाहून तवा घेणाऱ्या कितीतरी जणी तो बाजारातून घेतील. शिफारस ताईंची, विक्री दुकानदाराची, कमिशन शून्य. ही गळती थांबवता येत नाही आणि ती थांबवायच्या मागे लागूही नये. ‘आत्ताच घ्या, स्टॉक संपतोय’ असं ओरडायला माणूस लागतो तो इथूनच.

पैसे खात्यात कधी पडतात, हा भाग बहुतेकांना उशिरा कळतो. बँकेत रक्कम पाठवण्यासाठी किमान हजार रुपये जमावे लागतात आणि ज्या महिन्यात ते जमले तो संपल्यावर साधारण साठ दिवसांनी पैसे येतात. ताईंनी जानेवारीत पहिला व्हिडिओ टाकला आणि दर महिन्याला एक असे २७५ रुपये धरले, तर हजाराचा आकडा एप्रिलमध्ये ओलांडला जाईल. रक्कम येईल जूनअखेर. नव्या खात्याला पहिल्या १८० दिवसांत किमान तीन विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. ताई त्यातून पहिल्याच महिन्यात सुटल्या.

इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो. तीन विक्री होत नाहीत म्हणून स्वतःच्याच लिंकवरून साबण मागवतो, नवऱ्याला मिक्सर घ्यायला लावतो. नियमांत स्वतःसाठीची खरेदी बसत नाही, घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी केलेलीही नाही. ‘माझ्या लिंकवरून घ्या, मी पन्नास रुपये परत देते’ हेही चालत नाही. ज्या खात्यावर लिंक टाकायची ते आधी कंपनीकडे नोंदवलेलं असावं लागतं. एवढ्या-तेवढ्यावरून खातं बंद झालं तर साठलेले सातशे-आठशे रुपयेही जातात.

तर महिना पावणेतीनशे. हिवाळ्यात, दिवाळीच्या आसपास तो आकडा दुप्पट-तिप्पट होईल, पावसाळ्यात शंभरावर येईल. वर्षाचे तीन-चार हजार. एवढंसंच असेल तर खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. दळण आणि तांदळाचा खर्च निघतो, हे एक उत्तर झालं. दुसरी गोष्ट अशी की हा व्हिडिओ ताई तसाही करणारच होत्या. लिंकसाठी व्हिडिओ करायला बसल्या असत्या तर दोन दिवसांच्या कामाचे पावणेतीनशे हा धंदा तोट्याचाच ठरला असता.

तोट्याचा धंदा फायद्यात आणायचा एक मोह मात्र सतत समोर असतो. पासष्ट रुपये देणाऱ्या तव्याच्या शेजारी चार हजारांचा नॉनस्टिकचा संच असतो. पाच टक्क्यांनी त्याचे सुमारे दोनशे. त्याच मेहनतीत तिप्पट. एखादी छोटी कंपनी थेट निरोप पाठवते, ‘आम्ही पंधरा टक्के देऊ, संच फुकट पाठवू.’ ताईंनी तो संच आठवडाभर वापरला, छान चकाकतो, व्हिडिओही झकास होतो. पण नॉनस्टिकची परीक्षा आठवड्यात होत नाही. लेप कधी सुटतो ते वर्षाने कळतं. बिडाचंही तसंच. जुलैत घेतलेला तवा कोकणातल्या पावसात एक रात्र ओला राहिला की सकाळी तांबूस दिसतो. तो नीट पुसून, गॅसवर सुकवून, तेलाचा हात फिरवून ठेवायची सवय लागेपर्यंत महिना जातो. जानेवारीत आणलेला आणि फेब्रुवारीत व्हिडिओत झळकलेला तवा ही गोष्ट सांगूच शकत नाही. शिफारस प्रामाणिक आहे की नाही, याची पहिली कसोटी हेतूआधी काळाची असते. वस्तू किती दिवस हाताखाली होती?

ताईंनी तवा जुलैत घेतला होता, स्वतःच्या पैशांनी. जानेवारीच्या व्हिडिओत त्यांनी सांगितलं ते असं असावं:

‘तवा साधारण अडीच किलोचा आहे. मनगट दुखत असेल, घरात वय झालेलं माणूस स्वयंपाक करत असेल तर घेऊ नका. पहिले आठ दिवस घावनं चिकटली. पातळ तेल लावून धूर येईपर्यंत तापवायचा आणि गार करायचा, असं चार वेळा केलं, तेव्हा सुटायला लागली. आमसुलाचं सार किंवा टोमॅटोची भाजी बिडात शिजवू नका, तेलाचा थर जातो आणि भाजी काळपट होते. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, तडकतो. तुमच्या गावात भांड्यांचं चांगलं दुकान असेल तर तिथे जाऊन उचलून बघा. नसेल तर मी घेतला त्याची लिंक बायोत आहे.’

या सात-आठ वाक्यांनी काही जणी गळल्या. पण परत आलेल्या तव्याचे पासष्ट वजा होतात, हे विसरून चालणार नाही. वजन आधीच कळलं असतं तर तो चौथा तवा गेलाच नसता. कुणासाठी वस्तू नाही हे सांगणं इथे हिशेबालाही धरून आहे.

लिंक टाकल्यावर काम संपत नाही, ही बाजू सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वस्तूचं पान तेच राहतं आणि मागचा विक्रेता बदलतो. सहा महिन्यांनी त्याच पानावर तवा आतून वेगळा, हलका निघू शकतो. तारांकित अभिप्रायांत वेगवेगळ्या मापांचे तवे एकत्र मिसळलेले असतात. पाच तारे लहान अप्पेपात्राला मिळालेले असतात आणि आपण तवा घेत असतो. दोन-तीन महिन्यांनी ताईंनी स्वतः लिंक उघडून विक्रेता कोण, माप तेच आहे का, नव्या तक्रारी काय, हे पाहायला हवं. तीन जणींनी ‘तडकला’ असं लिहिलं असेल तर लिंक काढावी आणि का काढली ते एका स्टोरीत सांगावं. भाव मात्र लिहून ठेवू नये. तो रोज बदलतो आणि जुना आकडा पाहून आलेली बाई ताईंनाच खोटं ठरवते.

आता सांगण्याचा भाग. कमिशन मिळतं हे सांगायचं की नाही, हा प्रश्न भारतात मनाच्या मोठेपणाचा राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या आधाराने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जानेवारी २०२३मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवरच्या मंडळींसाठी सोपी पुस्तिकाही प्रसिद्ध केली. सार एवढंच: शिफारस करणारा आणि विकणारा यांच्यात असं काही नातं असेल ज्याने शिफारशीवरच्या विश्वासात फरक पडेल, तर ते उघड सांगायचं. या नात्यात पैसे येतात, फुकट आलेली वस्तू येते, सवलत येते, हॉटेलातला मुक्काम येतो आणि नातेसंबंधही येतात. मेहुण्याच्या मसाल्यांची तारीफ करताना मेहुणा हा शब्द उच्चारावा लागतो. फॉलोअर किती असले तर हे लागू, अशी कोणतीही खालची मर्यादा त्यात नाही. दिशाभूल ठरली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा झाली तर पन्नास लाखांपर्यंत जाऊ शकतो आणि शिफारस करायलाच वर्षभराची, पुढे तीन वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते. अडीच हजारांच्या खात्यावर कुणी एवढा बडगा उगारेल असं नाही. पण पावणेतीनशे रुपयांच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते ठाऊक असलेलं बरं.

जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजेच ‘आस्की’, हिचे नियम जून २०२१पासून आहेत आणि ते जास्त नेमके आहेत. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘फ्री गिफ्ट’ यांसारखी खूणपट्टी मजकुराच्या पहिल्या दोन ओळींतच दिसली पाहिजे, ‘आणखी वाचा’ दाबल्यावर नव्हे. वीस हॅशटॅगांच्या गर्दीत ती लपवायची नाही. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती किमान तीन सेकंद, पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ दिसावी. ताईंचा घावनाचा व्हिडिओ बेचाळीस सेकंदांचा असेल तर चौदा सेकंद. पीठ तव्यावर पडून घावन सुटेपर्यंत जेवढा वेळ जातो, साधारण तेवढाच.

शब्द कोणते वापरायचे यावर थोडं थांबायला हवं, कारण अडचण तिथेच येते. ‘ॲफिलिएट लिंक’ असं लिहिलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या सूचनांत म्हटलं आहे की एवढ्या शब्दाने सामान्य वाचकाला पुरेसं कळेलच असं नाही. इंग्रजी घरच्या भाषेसारखं वापरणाऱ्या देशात ही स्थिती, तर लांज्याच्या काकूंना त्यातून काय उमगणार? ‘संलग्न दुवा’ हे मराठी तर त्याहून भारी. त्याने लपवाछपवीच जास्त चांगली होईल. सरकारी पुस्तिकेचं म्हणणं आहे की शिफारस ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. ताई मराठीत बोलतात, तर खुलासा मराठीत, रोजच्या शब्दांत:

‘जाहिरात. या लिंकवरून काहीही घेतलंत तर मला कमिशन मिळतं. तुमची किंमत त्याने वाढत नाही. तवा मी जुलैत स्वतःच्या पैशांनी घेतला.’

यातला ‘काहीही’ हा शब्द कामाचा आहे. पाहणाऱ्याला वाटतं कमिशन फक्त तव्यावर; गाळणी आणि वह्यांवरही आहे हे त्या एका शब्दाने सांगून टाकलं. बायोमध्ये एकदा लिहून ठेवलं म्हणून प्रत्येक व्हिडिओला सुटका नाही, कारण बहुतेक माणसं बायोपर्यंत जातच नाहीत. व्हिडिओत ते पडद्यावर लिहायचं आणि तोंडानेही बोलायचं. भांडी घासता घासता नुसतं ऐकणाऱ्या कित्येक जणी असतात. ॲमेझॉनला आपण त्यांचे सहयोगी असल्याचं ठरावीक वाक्यही हवं असतं, ते बायोत राहू द्यावं.

खुलासा केल्यावर पहिल्याच दिवशी कुणीतरी खाली लिहितं: ‘म्हणजे तुम्ही पैशासाठी सांगताय.’ ताईंनी हे पुसून टाकू नये. ‘हो, एका तव्यामागे मला साधारण पासष्ट रुपये मिळतात,’ असं उत्तर दिलं की पुढचा वाद आटोपतो. आकडा इतका लहान असतो की त्यासाठी कुणी खोटं बोलत असेल असं वाटेनासं होतं. मोठ्या मंडळींना हे वाक्य परवडत नाही, छोट्यांना परवडतं.

फुकट आलेल्या वस्तूंचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा. ताईंकडे उद्या मिक्सर, कुकर, चार साड्या अशा भेटी यायला लागल्या आणि एखाद्या कंपनीकडून वर्षभरात आलेल्या वस्तूंची किंमत वीस हजारांवर गेली, तर त्यावर दहा टक्के कर आधी कापला जातो. ही तरतूद जुलै २०२२पासून आहे. वापरून परत केलेली वस्तू त्यात धरत नाहीत. कमिशनचे तीन-चार हजारही उत्पन्नच आहेत, विवरणपत्रात दाखवायचे. पॅन सुरुवातीलाच मागितला जातो, त्यामुळे ते कुठे नोंदलंच जाणार नाहीत या भ्रमात राहू नये.

काही वस्तूंच्या वाटेला छोट्या खात्याने जाऊच नये. वजन कमी करायची पूड, केसांचं औषध, शेअरबाजाराचा क्लास यांवर कमिशन घसघशीत असतं आणि निरोपही सगळ्यात आधी त्यांचेच येतात. आरोग्य आणि पैसा या विषयांत सल्ला देणाऱ्याकडे त्या विषयाची पात्रता हवी आणि ती दाखवायलाही हवी, असं आस्कीचे २०२३मधले नियम सांगतात. ताईंची पात्रता घावनाची आहे, आणि ती व्हिडिओत दिसते.

जूनअखेर ताईंच्या बँकेत पहिले अकराशे रुपये जमा होतील. तवा त्यांनी चौदाशेला घेतला होता.